पाइपला सुईएवढे भोक. प्लंबर येईपर्यंत क्लॅम्प लावावा की पुट्टी?

जुन्या इमारतीतल्या लोखंडी पाइपला टाचणीच्या टोकाएवढे भोक पडते आणि पाण्याची केसासारखी बारीक धार समोरच्या भिंतीवर उडू लागते. हे बहुधा रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी लक्षात येते. प्लंबर 'सोमवारी सकाळी येतो' म्हणतो आणि मधला दीड-दोन दिवसांचा वेळ कसा काढायचा, असा प्रश्न पडतो. हार्डवेअरच्या दुकानात यावर दोन उपाय मिळतात. एक म्हणजे पाइपभोवती आवळायचा क्लॅम्प आणि दुसरा म्हणजे दोन भाग मळून लावायची इपॉक्सी पुट्टी. बहुतेक घरांत हिला सरसकट 'एम-सील' म्हणतात. दोन्ही उपाय चालतात, पण दोन्ही सगळीकडे चालत नाहीत. कोणता कुठे चालतो, कशामुळे फसतो आणि किती दिवस भरवसा ठेवावा, हे समजून घेऊ.

हे भोक पडते कसे?

आपल्याकडे २५-३० वर्षांपूर्वीच्या बहुतेक इमारतींत पाण्यासाठी जीआय पाइप, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप वापरले गेले. अर्ध्या इंचाच्या मध्यम दर्जाच्या जीआय पाइपची भिंत नवी असताना २.६ मिलिमीटर जाडीची असते. पाणी आणि त्यात विरघळलेला ऑक्सिजन यांच्यापासून लोखंड वाचवण्याचे काम जस्ताचा थर करतो. काही वर्षांत हा थर ठिकठिकाणी संपतो आणि तिथे गंज धरू लागतो.

गंज सगळीकडे सारखा पसरत नाही. पाइपच्या आत गंजाच्या छोट्या गाठी तयार होतात. गाठीखाली ऑक्सिजन कमी पोहोचतो, आजूबाजूला जास्त असतो. या फरकामुळे गाठीखालचेच लोखंड वेगाने झिजते आणि तिथे खड्डा खोल होत जातो. एक दिवस हा खड्डा बाहेरच्या बाजूला पोहोचतो आणि धार उडते.

म्हणजेच बाहेरून दिसणारे भोक हे आतल्या खड्ड्याचे टोक असते. बाहेर भोक एक मिलिमीटरचे असले, तरी आतून त्याच्या भोवतालची भिंत बरीच रुंदीपर्यंत पातळ झालेली असू शकते. दुरुस्ती करताना हे सतत लक्षात ठेवावे लागते. गंज खरवडून 'स्वच्छ' करायच्या नादात भोक मोठे होते, ते याच कारणामुळे.

इतक्या बारीक भोकातून पाणी किती जाते?

एक उदाहरण घेऊ. चार मजली इमारत, गच्चीवर टाकी, पहिल्या मजल्यावरचे घर. बाथरूममध्ये भिंतीवरून उघडा जाणारा अर्ध्या इंचाचा थंड पाण्याचा जीआय पाइप. टाकीतल्या पाण्याची पातळी या पाइपपासून साधारण १२ मीटर उंच आहे. शनिवारी रात्री नऊ वाजता पाइपच्या सरळ भागात, बेसिनच्या थोडे वर, एक मिलिमीटरचे भोक पडलेले दिसते. प्लंबर सोमवारी सकाळी नऊ वाजता येणार आहे.

१२ मीटर उंचीच्या पाण्याचा दाब प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे १.२ किलो पडतो. या दाबाने एक मिलिमीटरच्या भोकातून तासाला साधारण २५ लिटर पाणी जाते. शनिवार रात्र ते सोमवार सकाळ म्हणजे ३६ तास. एवढ्या वेळात सुमारे ९०० लिटर पाणी वाहून जाईल. गच्चीवरची हजार लिटरची काळी टाकी जवळपास रिकामी होईल इतके हे पाणी आहे, आणि ते खालच्या घराच्या छतात मुरू शकते.

भोक एकाचे दोन मिलिमीटर झाले, तर गळती दुप्पट नव्हे, चौपट होते. भोकात सुई, तार किंवा स्क्रू घालून पाहणे म्हणूनच महागात पडते.

आधी गळती नक्की कुठे आहे ते कसे ओळखावे?

थेंब जिथून पडतो तिथेच भोक असेल असे नाही. पाणी पाइपच्या खालच्या बाजूने ओघळत जाते आणि पुढच्या एल्बोवरून टपकते. कोरड्या फडक्याने पाइप वरपासून खालपर्यंत पुसून घ्यावा आणि टिश्यू पेपर किंवा वर्तमानपत्राची पट्टी वरून खाली हळूहळू फिरवावी. कागद सगळ्यात वर जिथे ओला होतो, तिथे गळतीचे मूळ असते.

दुसरी खात्री पाइप कोणता आहे याची. नळाच्या पाइपमधली गळती नळ बंद असतानाही चालूच राहते. सांडपाण्याच्या पाइपची गळती पाणी सोडल्यावरच दिसते. इथे दिलेले उपाय नळाच्या, थंड पाण्याच्या आणि डोळ्यांना दिसणाऱ्या पाइपसाठी आहेत. गॅसच्या पाइपवर क्लॅम्प किंवा पुट्टी लावण्याचा प्रयत्न कधीही करू नये. भिंतीच्या आतून गेलेला पाइप गळत असेल आणि फक्त ओल दिसत असेल, तर व्हॉल्व्ह बंद ठेवून प्लंबरची वाट पाहण्याखेरीज घरच्या घरी करण्यासारखे काही नाही.

हात लावण्याआधी काय बंद करायचे?

सर्वांत आधी वीज. धार स्विचबोर्डवर, गीझरवर किंवा वॉशिंग मशीनच्या प्लगवर उडत असेल, तर ओल्या बोर्डाला हात न लावता घराच्या मुख्य पॅनेलमधला त्या भागाचा एमसीबी पाडावा. पाणी बंद करायचे असल्याने गीझरही बंद ठेवावा.

मग पाणी. अनेक घरांत बाथरूमसाठी वेगळा व्हॉल्व्ह असतो. तो नसेल तर गच्चीवर टाकीखाली प्रत्येक उभ्या लाइनचा व्हॉल्व्ह असतो. गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद केला की त्या लाइनवरच्या सगळ्या मजल्यांचे पाणी जाते. त्यामुळे सोसायटीचे सचिव किंवा वॉचमन आणि वरखालचे शेजारी यांना आधी सांगून, बादल्या भरायला दहा मिनिटे देऊन मगच तो फिरवावा.

जुन्या पितळी गेट व्हॉल्व्हचे चाक अनेक वर्षे न फिरवल्यामुळे जाम झालेले असते. ते पाना लावून जोरात फिरवले तर आतली दांडी तुटते आणि छोट्या गळतीची मोठी होते. थोडे पुढे, थोडे मागे असे हाताने करत ते सोडवावे. तरीही हलत नसेल तर नाद सोडावा.

व्हॉल्व्ह बंद झाल्यावर भोकाच्या खालच्या पातळीवरचा एखादा नळ उघडा ठेवावा. लाइनमध्ये अडकलेले पाणी निघून जाते आणि भोकावरचा दाब उतरतो. दहा-पंधरा मिनिटांनी भोकाकडे पुन्हा पाहावे. क्लॅम्प की पुट्टी, याचा निर्णय आता इथे होतो.

क्लॅम्प की पुट्टी, कसे ठरवायचे?

दोन्ही उपायांचे काम वेगवेगळ्या तत्त्वावर चालते. क्लॅम्प रबर दाबून धरतो. पुट्टी पृष्ठभागाला चिकटून राहते. दाबून धरणाऱ्या वस्तूला पाइप थोडा ओला असला तरी फरक पडत नाही. चिकटणाऱ्या वस्तूला मात्र फार फरक पडतो.

याचे कारण आपल्या उदाहरणातल्या आकड्यांवरून समजते. एक मिलिमीटरच्या भोकावर पाण्याचा एकूण रेटा जेमतेम १० ग्रॅम असतो, म्हणजे दोन चमचे पाण्याच्या वजनाइतका. एवढा रेटा कोणतीही पुट्टी सहज थोपवेल. पण पुट्टी ओल्या पाइपवर लावली, तर पाणी तिच्या खालून पसरते. पसरत पसरत ते रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत पोहोचले, की तोच दाब आता साधारण साडेचार किलोने पुट्टी उचलू लागतो. मग कड सुटते आणि सगळा लेप सालीसारखा निघतो. पुट्टी फुटून निकामी होण्यापेक्षा अशी उचलली जाऊन निकामी होणे जास्त नेहमीचे आहे.

त्यामुळे निर्णय सोपा होतो. पाणी पूर्ण थांबले, पाइप कोरडा करता आला, तर पुट्टी चालेल. व्हॉल्व्ह बंद करूनही थेंब येत राहिला, म्हणजे व्हॉल्व्ह 'पासिंग' आहे, तर क्लॅम्पच लावावा.

दुसरा प्रश्न जागेचा. क्लॅम्पला पाइपचा सरळ, गोल भाग लागतो. भोकाच्या दोन्ही बाजूंना किमान तीन-चार सेंटिमीटर मोकळे हवेत आणि पाइपच्या मागे बोट जाईल इतकी फट हवी. भोक सॉकेट किंवा एल्बोला अगदी लागून असेल, तर क्लॅम्प नीट बसत नाही. आटे पाडताना पाइपची बरीच जाडी कापली जाते, त्यामुळे गळती नेमकी अशाच जागी होण्याची शक्यता जास्त असते. तिथे पुट्टीच उपयोगी, कारण ती खाचेत भरता येते.

सरळ पाइपवर दोन्ही शक्य असतील, तर क्लॅम्पला पसंती द्यावी. तो लावल्या लावल्या पाणी सोडता येते आणि प्लंबरला तो काढायलाही सोपा जातो.

क्लॅम्प विकत घेताना माप कोणते सांगायचे?

दुकानात 'अर्ध्या इंचाचा क्लॅम्प द्या' म्हटले की गोंधळ होतो. पाइपचे 'अर्धा इंच' हे नाव आतल्या पोकळीवरून आलेले आहे, क्लॅम्प मात्र बाहेरून बसतो. अर्ध्या इंचाच्या जीआय पाइपचा बाहेरचा व्यास २१.३ मिलिमीटर असतो, पाऊण इंचाचा सुमारे २७ आणि एक इंचाचा सुमारे ३३.७. अर्ध्या इंचाच्याच पांढरट सीपीव्हीसी पाइपचा बाहेरचा व्यास मात्र १६ मिलिमीटरच्या जवळपास असतो. एकाचा क्लॅम्प दुसऱ्याला बसत नाही.

खात्रीसाठी दोरा पाइपभोवती एकदा गुंडाळून, जिथे टोक जुळते तिथे खूण करावी आणि पट्टीवर लांबी मोजावी. तिला ३.१४ ने भागले की बाहेरचा व्यास मिळतो. आपल्या उदाहरणात दोरा ६७ मिलिमीटर भरतो. ६७ भागिले ३.१४ म्हणजे २१.३, अर्थात अर्ध्या इंचाचा जीआय. पाइपवर रंगाचे जाड थर असतील तर एखादा मिलिमीटर जास्त येईल. दुकानदाराला व्यास आणि 'जीआय' असे दोन्ही सांगावे.

तयार रिपेअर क्लॅम्प म्हणजे आतून रबर लावलेल्या दोन अर्धगोल पट्ट्या आणि त्यांना जोडणारे बोल्ट. तो मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर रबराचा तुकडा आणि होज क्लिप, म्हणजे गॅसच्या नळीला लावतात तशा स्क्रूने आवळायच्या पट्ट्या, यांच्यावर काम भागते. अर्ध्या इंचाच्या जीआय पाइपला २० ते ३२ मिलिमीटरपर्यंत बसणाऱ्या तीन क्लिप पुरतात. रबर दोन मिलिमीटरच्या आसपास जाड, मऊ आणि भेगा नसलेले हवे. सायकलची जुनी ट्यूब चालते, पण ती पातळ असल्यामुळे दोन वेढे द्यावे लागतात.

क्लॅम्प लावायचा कसा?

भोकाच्या भोवतालचे सुटे पापुद्रे आणि रंगाच्या खपल्या हलक्या हाताने पॉलिश पेपरने काढाव्यात. घट्ट बसलेला गंज उकरू नये. रबर बसेल इतपत पृष्ठभाग सपाट झाला की पुरे. पापुद्रे काढतानाच पाइपचे तुकडे सुटू लागले किंवा बोटाने दाबल्यावर भिंत आत दबली, तर थांबावे. तो पाइप आवळण्याच्या लायकीचा राहिलेला नाही. व्हॉल्व्ह बंद ठेवणे हाच तेव्हा तात्पुरता उपाय.

रबराचा पाच-सहा सेंटिमीटर रुंद तुकडा असा गुंडाळावा की भोक त्याच्या मधोमध येईल आणि रबराचा जोड भोकाच्या विरुद्ध बाजूला जाईल. पहिली क्लिप थेट भोकावर बसवावी, पण तिचा स्क्रू पाइपच्या पलीकडच्या बाजूला ठेवावा. स्क्रूच्या घराखाली पट्टी पूर्ण गोल बसत नाही, तिथे दाब कमी पडतो. उरलेल्या दोन क्लिप पहिलीच्या दोन्ही बाजूंना लावाव्यात.

आधी मधली क्लिप स्क्रू ड्रायव्हरने आवळावी, मग बाजूच्या दोन. पट्टीच्या कडेने रबर किंचित फुगलेले दिसले की थांबावे. त्यापुढे आवळत राहिल्यास रबर कापले जाते किंवा आतून पातळ झालेला पाइप दबतो. तयार क्लॅम्प असेल तर भोक रबराच्या मध्यावर, दोन पट्ट्यांच्या जोडापासून दूर ठेवावे. बोल्ट आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळावेत, म्हणजे क्लॅम्प एका बाजूला तिरका होत नाही.

पुट्टी लावायची असेल तर?

पुट्टीच्या कामातला निम्मा वेळ पाइप तयार करण्यात जायला हवा. भोकाच्या दोन्ही बाजूंना किमान अडीच-तीन सेंटिमीटर आणि पाइपच्या पूर्ण घेराभोवती रंग काढून धातू दिसेपर्यंत पॉलिश पेपर मारावा. फक्त भोकाला लागून हात अगदी हलका ठेवावा. रंगावर लावलेली पुट्टी रंगाला चिकटते, पाइपला नाही. पुढे रंगच सुटतो. मग कोरड्या फडक्याने पुसून, पंधरा मिनिटे थांबून, पुन्हा टिश्यू लावून पाहावा. टिश्यू कोरडा निघाला तरच पुढे जावे.

पुट्टीच्या पाकिटात रेझिन आणि हार्डनर असे दोन रंगांचे भाग असतात. पाकिटावर सांगितलेल्या प्रमाणात, बहुधा समसमान, ते घ्यायचे असतात. घट्ट व्हावी म्हणून हार्डनर जास्त घेतला तर पुट्टी मजबूत होत नाही, उलट तिचा काही भाग कच्चा राहतो. हातमोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून, दोन्ही रंगांच्या रेषा पूर्ण नाहीशा होऊन एकच रंग येईपर्यंत मळावे. एकही रेघ उरली तर तेवढी जागा मऊच राहते. अर्ध्या इंचाच्या पाइपवर पाच सेंटिमीटर रुंदीच्या लेपाला साधारण ३५ ते ४० ग्रॅम पुट्टी लागते.

मळून झाली की वेळ घालवू नये, कारण ती लगेच घट्ट व्हायला सुरुवात होते. आधी छोटी गोळी भोकावर अंगठ्याने दाबावी, म्हणजे हवा अडकत नाही. मग उरलेली पट्टीसारखी लाटून पाइपभोवती पूर्ण गुंडाळावी. भोकावर जाडी सहा-सात मिलिमीटर ठेवावी आणि दोन्ही कडांना बोटाने दाबत ती पातळ करत पाइपला मिळवून टाकावी. नुसता भोकावर लावलेला गोळा टिकत नाही. पूर्ण वेढा असेल तर पुट्टी घट्ट झाल्यावर कड्यासारखी पाइपला धरून राहते.

आता सगळ्यात अवघड भाग म्हणजे थांबणे. पाकिटावर दोन वेळा दिलेल्या असतात. एक हातात मळून लावण्यासाठी मिळणारा वेळ, दुसरा पूर्ण घट्ट होण्याचा. झटपट प्रकारच्या पुट्टी काही मिनिटांत टणक होतात. साध्या पुट्टीला तास-दोन तास लागतात आणि पूर्ण ताकद यायला जवळपास एक दिवस जातो. थंडीत हा वेळ वाढतो. नखाने टोकरल्यावर खूण उमटत असेल, तर पाणी सोडायची वेळ झालेली नाही. आपल्या उदाहरणात शनिवारी रात्री दहाला साधी पुट्टी लावली, तर रात्रभर व्हॉल्व्ह बंद ठेवून रविवारी सकाळी पाणी सोडणे शहाणपणाचे.

पिण्याच्या पाण्याची लाइन असेल, तर पुट्टीच्या पाकिटावर पिण्याच्या पाण्यासाठी चालते असे लिहिले आहे का ते पाहावे. तसे लिहिलेले नसेल तर त्या नळाचे पाणी प्लंबर येईपर्यंत धुण्या-भांड्यांनाच वापरावे.

पाणी सोडल्यावर दुरुस्ती टिकली हे कसे कळते?

व्हॉल्व्ह एकदम पूर्ण उघडू नये. रिकाम्या लाइनमध्ये पाणी जोरात आले की हवा आणि पाण्याचा धक्का बसतो. आधी नळ उघडा ठेवून व्हॉल्व्ह पाव फेरा फिरवावा, नळातून फुसफुस थांबून सलग पाणी आले की नळ बंद करावा आणि मग व्हॉल्व्ह हळूहळू पूर्ण उघडावा. घराला प्रेशर पंप असेल तर प्लंबर येईपर्यंत तो बंदच ठेवावा. टाकीच्या नुसत्या उंचीपेक्षा त्याचा दाब बराच जास्त असतो.

क्लॅम्पच्या किंवा पुट्टीच्या दोन्ही कडांना कोरड्या टिश्यूची पट्टी गुंडाळावी. पंधरा मिनिटांनी, तासाभराने आणि झोपण्यापूर्वी ती पाहावी. टिश्यू कोरडा असेल तर काम झाले. क्लॅम्पची कड ओली झाली, तर क्लिप अर्धा फेरा आवळून पुन्हा पाहावे. पुट्टीची कड ओली झाली, तर वरून आणखी पुट्टी थापून उपयोग नाही, कारण पाणी खालून पसरायला लागलेले आहे. व्हॉल्व्ह बंद करून, सगळी काढून नव्याने लावावी किंवा क्लॅम्पकडे वळावे.

टिश्यू दुरुस्तीच्या जागेपासून वीतभर अंतरावर ओला झाला, तर प्रश्न दुरुस्तीचा नाही. तिथे दुसरा खड्डा फुटलेला आहे आणि पाइपची ती सगळी लांबी संपत आलेली आहे. एकामागून एक भोके बुजवत बसण्याऐवजी व्हॉल्व्ह बंद ठेवावा. दुरुस्ती टिकली असली तरी रात्री आणि घराबाहेर जाताना त्या बाथरूमचा व्हॉल्व्ह बंद ठेवावा, आणि खाली बादली राहू द्यावी.

कोणते उपाय टाळावेत?

काडी किंवा लाकडी खुंटी ठोकणे हा सर्वांत धोक्याचा उपाय, कारण ती भोकाभोवतीच्या पातळ भिंतीलाच फाडते. नळाच्या आट्यांना गुंडाळायची पांढरी टेफ्लॉन टेप चिकटणारी नसते. तिचे काम आट्यांत दबून बसण्याचे आहे, उघड्या भोकावर तिचा उपयोग नाही. चिकटपट्टी आणि पांढरे सिमेंट धारेपुढे टिकत नाहीत. ही सगळी नंतर खरवडावी लागतात आणि त्यात भोक वाढते, हा त्यांचा खरा तोटा.

प्लंबर आल्यावर काय करून घ्यायचे?

'आता गळत नाही, राहू दे' हा मोह इथे आवरायला हवा. क्लॅम्प काही आठवडेही टिकू शकतो, पण त्याच्या शेजारची भिंत आतून झिजत राहते. शिवाय रबराखाली ओल साचून बाहेरूनही गंज धरतो. टाकीत पाणी नसताना किंवा लाइन रिकामी असताना कमकुवत जोडातून बाहेरचे घाण पाणी आत ओढले जाण्याची शक्यताही राहते.

प्लंबरने तो भाग कापून, नवा तुकडा सॉकेट आणि युनियन घालून बसवणे ही या गळतीची खरी दुरुस्ती. कापलेला तुकडा फेकू देऊ नये. तो उजेडाकडे धरून आतून पाहावा. आतली पोकळी गंजाच्या गाठींनी निम्मी भरलेली असेल किंवा भोकाखेरीज आणखी खोल खड्डे दिसत असतील, तर त्या बाथरूमची सगळी लाइन बदलण्याचा खर्च आत्ताच विचारून घ्यावा. तुकडा आतून बऱ्यापैकी स्वच्छ आणि खड्डा एकच असेल, तर तेवढाच भाग बदलून काही वर्षे निघू शकतात.

खर्च कोणाचा, हेही त्याच वेळी ठरते. घराच्या आतल्या पाइपची दुरुस्ती सहसा सदनिकाधारकाने करायची असते. इमारतीच्या बाहेरून जाणाऱ्या सामायिक लाइनची दुरुस्ती गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार संस्थेची जबाबदारी आहे. भोक सामायिक लाइनवर असेल, तर क्लॅम्प लावण्यापूर्वी फोटो काढून सचिवांना लेखी कळवावे आणि कापलेला तुकडा त्यांना दाखवावा. एका मजल्यावर पाइप इतका झिजलेला असेल, तर त्याच वर्षी बसवलेली बाकीच्या मजल्यांची लाइनही तपासून घेण्यासाठी तो तुकडाच पुरेसा पुरावा ठरतो.